शीर्षक आधी, लेख नंतर

शाळेत असताना मी मुलांना सांगायचो, निबंध आधी लिहा, शीर्षक शेवटी द्या. नेटवर शोधून वाचल्या जाणाऱ्या लेखाच्या बाबतीत मात्र मी आता उलट्या मताचा झालो आहे.

झाले असे. नळदुर्गच्या किल्ल्यावर लिहायचे मनात होते. शीर्षकही ठरले होते, 'पाण्यातला महाल'. नातीने विचारले, "आजोबा, हे शब्द शोधणार कोण?" तिने मोबाईलवर इनकॉग्निटो उघडून दिले, म्हणजे माझ्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होतो. मी 'नळदुर्ग किल्ला' असे टाकले आणि पहिली दहा शीर्षके वहीत उतरवली. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहिल्या: वाचकाला काय देऊ करतो, कोणासाठी आहे, तारीख कोणती.

उत्तरपत्रिका तपासल्यासारखेच वाटले! बहुतेकांनी एकच उत्तर लिहिलेले: किल्ल्याचा इतिहास, इब्राहिम आदिलशाह दुसरा, पाणीमहाल, जायचे कसे. त्यात माझा अकरावा इतिहास कोण वाचणार?

मग 'नर मादी धबधबा' एवढेच टाकून थांबलो. खाली सुचवण्या आल्या, त्यांत 'केव्हा सुरू होतो' हेही होते. म्हणजे लोक ते विचारतात. ही खात्री करायलाच हवी, कारण रिकामी जागा दिसली तरी कधी कधी ती कोणालाच नको असते म्हणून रिकामी असते. निकालांत मात्र 'धबधबा सुरू' अशा जुन्या पावसाळ्यांच्या बातम्या. तारीख न बघता वाचणारा फसतोच. आमचा एक भाचा असाच पोराबाळांसह मे महिन्यात गेला आणि कोरडा दगड बघून आला.

माझा लेख तिथेच ठरला: 'नर-मादी धबधबा केव्हा वाहतो? नळदुर्गला निघण्याआधी'. मोबाईलवर लांब शीर्षक मागून कापले जाते, म्हणून कामाचे शब्द पुढे घेतले. उत्तरही पहिल्याच परिच्छेदात दिले. नुसता पाऊस पुरत नाही. वरच्या अंगाचे बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटावे लागते. आमच्या तामलवाडीत धो धो कोसळला म्हणून नळदुर्गला धबधबा असेलच असे नाही. इतिहास गेला खाली.

'पाच थक्क करणारी रहस्ये' असली शीर्षकेही वर होती. पण ती वर आहेत म्हणून उचलावीत, हे मला मान्य नाही. वरचे निकाल वाचायचे ते लोकांना काय हवे आणि काय मिळत नाही, हे कळण्यासाठी. शीर्षकात कबूल केलेले लेखात नसेल, तर वाचक दुसऱ्या ओळीला परत फिरतो.

हे निकालही कायमचे नसतात. गावागणिक आणि ऋतूगणिक बदलतात. पुढच्या जूनमध्ये वही पुन्हा उघडीन.

असो. 'पाण्यातला महाल' हे शीर्षक सोडताना जरा वाईट वाटले खरे. लेखात एका उपशीर्षकाला ते लावून टाकले आहे!