न्यूज 'इज' आणि पोलीस 'आर': यादी नको, कारण सांगा

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा. 'न्यूज, मॅथेमॅटिक्स, फिजिक्स, मीझल्स एकवचनी. पोलीस, कॅटल, पीपल अनेकवचनी' ही यादी तो झोपेतही म्हणून दाखवेल. आणि तोच मुलगा पेपरात 'द पोलीस हॅज अरेस्टेड टू पर्सन्स' हे वाक्य बरोबर आहे असं समजून पुढे जातो. एमपीएससीत चुकीच्या उत्तराला पाव हिश्श्याने गुण कापतात, म्हणजे मिळायचे ते गुण जातातच, वर पदरचेही जातात.

माझ्या मते यात दोष मुलांचा नाही, यादीचा आहे. यादी 'काय' ते सांगते, 'का' ते सांगत नाही.

हेच वाक्य घ्या. मुलगा 'हॅज' का निवडतो? कारण त्याला आधी शिकवलेलं असतं की टीम, कमिटी, आर्मी ही समूहवाचक नामं आहेत आणि त्यांना एकवचनी क्रियापद लागतं. मग पोलीस हे खातंच आहे की! त्याचा तर्क चुकीचा नाही, अर्धवट आहे. 'आर्मी' हे त्या अख्ख्या दलाचं नाव आहे, म्हणून इंग्रजीत 'ॲन आर्मी' म्हणता येतं. 'पोलीस' हे इंग्रजीत त्या दलातल्या माणसांचं नाव आहे, म्हणून 'अ पोलीस' म्हणता येत नाही. एकच माणूस असेल तर 'अ पोलीसमन' किंवा 'अ पोलीस ऑफिसर' म्हणावं लागतं. दलच म्हणायचं असेल तर 'द पोलीस फोर्स हॅज' बरोबर, कारण तिथे क्रियापद 'फोर्स'कडे बघतं.

त्यात आपली मराठी आणखी एक खड्डा खणून ठेवते. आपण 'एक पोलीस आला' म्हणतो आणि 'पोलीस आले' असंही म्हणतो. शब्द तोच, वचन क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत यातलं फक्त दुसरं चालतं. 'पोलीस आले' हे वाक्य मनात धरलं की 'द पोलीस हॅव कम' आपोआप येतं.

'न्यूज'चं उलटं आहे. आपण 'बातम्या लागल्या' म्हणतो, शेवटी 'स'ही ऐकू येतो, म्हणून हात 'आर'कडे जातो. हा शब्द मुळात 'नव्या गोष्टी' अशा अनेकवचनी अर्थानेच आला. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत त्याला अनेकवचनी क्रियापदही लावलेलं सापडतं. पुढे तो एकवचनी झाला, 'स' मात्र चिकटून राहिला. म्हणून मी मुलांना सांगतो, न्यूज म्हणजे 'बातम्या' नाही, 'खबरबात'. 'काय खबरबात आहे?' असं विचारतो. 'दोन खबरबाती' कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही 'टू न्यूज' होत नाही, 'टू पीसेस ऑफ न्यूज' म्हणावं लागतं.

यातूनच एक सोपी कसोटी निघते: शब्दाच्या आधी आकडा लावून बघा. 'ट्वेंटी पोलीस', 'ट्वेंटी कॅटल' चालतं, म्हणजे अनेकवचन. 'टू न्यूज', 'टू मॅथेमॅटिक्स' चालत नाही, म्हणजे एकवचन. ही कसोटी 'स' नसलेल्या किंवा फसव्या 'स'च्या शब्दांपुरतीच वापरा. 'सिझर्स', 'ट्राउझर्स' अशा जोडीच्या वस्तूंना ती लागू नाही. तिथे आपली कात्री एकवचनी असली तरी इंग्रजीतली कायम अनेकवचनी.

आता यादी जिथे सरळ खोटी पडते ती जागा. 'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द बहुतेक गाइडांमध्ये एकवचनी म्हणून छापलेला असतो. पण 'स्टॅटिस्टिक्स इज अ डिफिकल्ट सब्जेक्ट' आणि 'दीज स्टॅटिस्टिक्स शो अ राइज' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत. पहिल्या वाक्यात 'संख्याशास्त्र' आहे, ते एक शास्त्र, म्हणून एकवचन. दुसऱ्यात 'आकडे' आहेत, म्हणून अनेकवचन. 'पॉलिटिक्स'चंही तसंच: विषय किंवा व्यवहार म्हणून 'इज', एखाद्याची राजकीय मतं म्हणून 'आर'. मॅथेमॅटिक्स मात्र विषय म्हणून 'इज' धरा, परीक्षेत तोच अर्थ विचारतात.

म्हणून प्रश्न काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे: संदर्भ न देता 'स्टॅटिस्टिक्स ___ इंटरेस्टिंग' असली रिकामी जागा देऊ नका. त्यात व्याकरण तपासलं जात नाही, कुठलं गाइड वाचलं ते तपासलं जातं. आणि शिकवणाऱ्यांनो, यादी फळ्यावर लिहायची तर जरूर लिहा, पण प्रत्येक शब्दासमोर मराठी प्रतिशब्द लिहा: खबरबात, गणित, संख्याशास्त्र, पोलीसमंडळी. 'मंडळी आली' की 'मंडळी आले' हा वाद मुलं घालतील, तो घालू द्या. वचन म्हणजे काय हे त्या वादातच त्यांना कळेल.