पान कोणतं, फुलोरा कोणता?

समजा, चांदूर बाजारजवळच्या एखाद्या शेतात तुरीच्या ओळींमध्ये गांजाची झाडं सापडली. पोलिसांनी ती मुळासकट उपटून काट्यावर ठेवली. वजन भरलं २२ किलो. आता आरोपीला कमीत कमी दहा वर्षं होणार का? थांबा, आधी काट्यावर नेमकं काय होतं ते बघू.

१९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांपासून वेगळी असलेली पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. या गांजाचं वजन २० किलोच्या वर गेलं की ते 'व्यापारी प्रमाण' ठरतं. मग शिक्षा दहा ते वीस वर्षं, आणि जामीन जवळपास अशक्य. एक ते २० किलोपर्यंत मात्र दहा वर्षं ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही. म्हणजे त्या २२ किलोत मुळं, खोडं आणि सुटी पानं धरून १३ किलो निघाले, तर अख्खी केसच खालच्या पायरीवर येते. म्हणून पंचनाम्यात नुसतं 'हिरवा पाला' लिहिलेलं असेल तर वकील तिथंच बोट ठेवतात. प्रयोगशाळेचा अहवाल छोट्या नमुन्याबद्दल बोलतो, पूर्ण ढिगाबद्दल नाही. शेंड्याला चिकटलेलं पान मात्र सुटत नाही, आणि खरा वाद तिथंच रंगतो.

पानाला ही सूट का? कारण भांग पानांची असते. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारातही गांजाची व्याख्या अशीच फुलोऱ्यावर थांबते. भारताचा कायदा पुढं त्याच वळणावर गेला.

पण म्हणून महाराष्ट्रात भांग खुली आहे असं समजू नका! आपल्या राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यात 'मादक द्रव्य' म्हणताना याच झाडाची पानंही मोजली आहेत. परवाना नसेल तर गुन्हा. परतवाड्यावरून बैतूलचा रस्ता धरा, मध्य प्रदेशात भांगेच्या दुकानांना सरकारच परवाने देतं. झाड तेच, केंद्राचा कायदा तोच, फरक राज्याच्या अबकारी धोरणाचा.

अमेरिकेनं तर मोजपट्टीच बदलली. तिथल्या १९७०च्या कायद्यात पानही गांजातच जमा. २०१८ साली मात्र झाडाच्या भागाऐवजी रसायन मोजायचं ठरलं: नशा आणणारं डेल्टा-९ टीएचसी सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंत असेल, तर ते नुसतं औद्योगिक भांगेचं पीक. त्या हिशेबानं एखाद्या जातीचा फुलोराही सुटतो, जो आपल्याकडे गांजाच ठरेल. माझ्या मते रसायनाची मोजपट्टी जास्त नेमकी आहे, पण त्यासाठी टक्केवारी मोजणारी प्रयोगशाळा हवी. फुलोरा आणि पान वेगळं करायला तालुक्याच्या ठाण्यातला हवालदारही पुरतो, फक्त त्यानं वजन करण्याआधी ते वेगळं करायला हवं.