बिर्याणी दोन नावांची, स्वयंपाकघर एकच?

शुक्रवारची रात्र, साडेआठची वेळ. कोथरूडमधल्या आमच्या घरी दोन वेगवेगळ्या नावांच्या बिर्याण्या मागवल्या. कोणती चांगली, यावर मुलांची पैज लागली होती. डबे उघडले तर कोशिंबिरीची वाटी सारखी, मिरचीचा तुकडा सारखा आणि चवही सारखीच! नंतर ॲपवर दोन्ही पानांच्या तळाशी जाऊन पाहिले. पत्ता एकच होता आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांकही तोच.

यात बेकायदा काही नाही. क्लाउड किचनचा व्यवसायच असा चालतो. बसायला टेबल नाही, रस्त्यावर पाटी नाही, एका ओट्यावर चार-पाच नावांचे जेवण. २००४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘फासोस’चीच कंपनी आज ‘बेहरूज बिर्याणी’ आणि ‘ओव्हन स्टोरी’ही चालवते. प्रश्न इतकाच की, ॲपवर आपण तुलना करतो ती नावांची. जेवण मात्र येते स्वयंपाकघरातून.

म्हणून आधी तो चौदा आकडी क्रमांक वाचायला शिका. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी १५. त्यानंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे ११५१९ ने सुरू होणारा क्रमांक २०१९ सालचा. ॲपवर ‘नवीन’ म्हणून झळकणाऱ्या नावाखाली असा जुना क्रमांक दिसला, तर ते स्वयंपाकघर नवे नाही, पाटी नवी आहे. कधी कधी जुन्या नावाला वाईट शेरे साचले की अशी पाटी बदलते. क्रमांक चालू आहे का, हे foscos.fssai.gov.in वर तपासता येते. मात्र परवाना आहे म्हणजे आज ओटा स्वच्छ आहे, असे कुणी समजू नये.

स्वच्छतेत मग हॉटेल आपोआप वरचढ ठरते का? माझ्या मते, नाही. एसी हॉलच्या चकचकीत फरशीवरून मागची मोरी कळत नाही. फायदा एवढाच की तिथे आपण जाऊ शकतो. पार्सल घ्यायला एकदा स्वतः जा, किचनच्या दाराशी दोन मिनिटे उभे राहा, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का, कापलेला कांदा उघडा पडलाय का, ते बघा. क्लाउड किचनच्या पत्त्यावरही जाता येते. पार्सल देणारी मुले कुठल्या दाराशी थांबतात, त्यावरूनच बरेच कळते.

आता दर. आकडे उदाहरणादाखल घेऊ. हॉटेलच्या छापील मेन्यूवर बिर्याणी २६० रुपये. ॲपचे कमिशन भरून काढायला तीच तिथे ३२०. पॅकिंग २० आणि पाच टक्के जीएसटी धरून ३५७, त्यात डिलिव्हरी व प्लॅटफॉर्मचे ७० मिळवले की ४२७. क्लाउड किचनची बिर्याणी ३५०, त्यावर १०० ची सूट, पॅकिंग ४०, जीएसटी साडेचौदा आणि तेच ७०. एकूण ३७४ रुपये ५० पैसे. स्वस्त वाटते ना?

डबे काट्यावर ठेवा. हॉटेलचा भात ७०० ग्रॅम भरला आणि दुसरा ४५० ग्रॅम, तर शंभर ग्रॅमचा भाव अनुक्रमे ६१ आणि ८३ रुपये पडतो. हॉटेलातून स्वतः आणली असती तर १० रुपये पॅकिंग आणि जीएसटीसह २८३ रुपये ५० पैसे, म्हणजे शंभर ग्रॅमला साधारण ४० रुपये. ॲपवरची सूट मला म्हणूनच फारशी भुरळ घालत नाही. काही मोठ्या साखळ्या पदार्थाखाली वजन लिहितात, ते आधी वाचावे.

चवीच्या बाबतीत क्लाउड किचनला एक श्रेय द्यायलाच हवे. तिथला पदार्थ डब्यासाठीच बनतो. शनिवारी रात्री भरलेल्या हॉटेलात वेटर टेबलाकडे धावतो आणि पार्सल काउंटरवर गार होत पडते. अशा वेळी बिर्याणी, रोल, थाळी क्लाउड किचनची बरी. डोसा, पुरी, भजी मात्र दोघांकडूनही मागवू नयेत. वाफेने ती वाटेतच मऊ पडतात.

भात कोमट आला, तर मात्र तो रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी खाऊ नका. शिजलेल्या भातात वाढणाऱ्या जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. लगेच खा किंवा फ्रिजमध्ये टाका. आंबूस वास आला तर डबा, बिल आणि वेळेसह फोटो काढा आणि तक्रारीत ब्रँडच्या नावासोबत तो चौदा आकडी क्रमांक लिहा. नाव उद्या बदलू शकते.