अर्ज लिहू देत नाही, तेव्हा

इंदूरमधील एक निवृत्त शिक्षक पत्त्यातील बदलाचा अर्ज भ्रमणध्वनीवर उघडतात. नावाच्या चौकटीवर बोट टेकवतात, परंतु कळफलक वर येत नाही. आपल्यालाच हे जमत नाही, असे समजून ते खट्टू होतात. अशा प्रसंगी दोष बहुधा भरणाऱ्याचा नसून अर्ज घडविणाऱ्याचा असतो.

पुष्कळ अर्ज म्हणजे कागदाचे नुसते छायाचित्र असते. त्यातील चौकटी छापील रेषांच्या असतात. लिहिण्याची जागा आत निर्माण केलेलीच नसते. संगणकावर अ‍ॅडोबी रीडरमध्ये खरे रकाने सहसा फिकट निळसर रंगात उठून दिसतात. तो रंग कोठेही नसेल, तर रकान्यांवर टिचक्या मारीत बसणे व्यर्थ होय. येथे त्याच अ‍ॅपमधील Fill & Sign ही सोय कामी येते. तिला खऱ्या रकान्याची गरज नसते, बोट टेकवू तेथे ती पृष्ठाच्या वर मजकूर ठेवते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. अर्ज उघडताच Please wait... एवढाच मजकूर दिसतो आणि कितीही वाट पाहिली तरी पुढे काहीच घडत नाही. हा अर्ज एक्सएफए पद्धतीने रचलेला असतो आणि भ्रमणध्वनीवरील वाचक-अ‍ॅप्सना ती पद्धत सहसा उमगत नाही. अ‍ॅप पुन्हा उतरवून घेतल्याने फरक पडत नाही. संगणकावरील अ‍ॅडोबी रीडर अथवा 2021 नंतरचा फायरफॉक्स हाच तेथे मार्ग. पीडीएफच्या 2017 मधील प्रमाणाने ही पद्धत त्याज्य ठरविली. तरीही जुने अर्ज तसेच वाटले जातात. अर्ज संकेतस्थळावर ठेवण्यापूर्वी तो एखाद्या साध्या भ्रमणध्वनीवर भरून पाहण्याची तसदी संस्थांनी घ्यावयास हवी. ग्राहकाला ‘अ‍ॅप बदला’ असे सांगणे हे त्याचे उत्तर नव्हे.

स्वाक्षरीची गोष्ट निराळी. बोटाने रेखाटलेली सही हे केवळ चित्र असते. प्रमाणपत्रावर आधारलेली डिजिटल स्वाक्षरी तिच्याहून भिन्न. अशी डिजिटल स्वाक्षरी झाल्यावर अनेक अर्जांतील रकाने कुलूपबंद होतात, म्हणून ती सर्वांत शेवटी करावी. जेथे नमुना-स्वाक्षरीशी ताडून पाहावयाचे असते, तेथे चित्र सहसा चालत नाही.

या शिक्षकांनी Fill & Sign वापरून नाव, खाते क्रमांक व नवा पत्ता लिहावा आणि सहीची जागा कोरी ठेवावी. भरलेली प्रत मुलीच्या भ्रमणध्वनीवर पाठवून तेथे अक्षरे दिसतात का, हे पाहावे. काही वाचक-अ‍ॅप्समध्ये वर ठेवलेला मजकूर उमटत नाही. तो दिसला, की प्रत छापून घ्यावी आणि सही शाखेत, अधिकाऱ्यासमोर, शाईच्या लेखणीने करावी.