चुकलेला भाव गुपचूप बदलू नका, जुना आकडा दिसू द्या

ऑफरची पोस्ट टाकली आणि दोन तासांनी कळलं की भाव चुकलाय. अशा वेळी बहुतेक दुकानदार पोस्ट पटकन डिलीट करतात आणि नवीन टाकतात. माझं स्पष्ट मत आहे, ग्राहक चुकीच्या आकड्यामुळे तुटत नाही, तो या लपवण्यामुळे तुटतो. कारण जुन्या पोस्टचा स्क्रीनशॉट त्याच्या मोबाईलमध्ये असतो. काउंटरवर तो दाखवतो आणि आपण म्हणतो, "अशी पोस्ट आम्ही टाकलीच नाही." संपला विषय.

एक उदाहरण घेऊ. समजा, मेहकरमधल्या एका साडीच्या दुकानात 25 साड्यांची ऑफर आहे. भाव ठेवायचा होता 999, पोस्टमध्ये गेला 899. सकाळी 9 वाजता व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, दोन ग्रुप आणि फेसबुकवर पोस्ट गेली. चूक लक्षात आली 11.20 ला.

पहिलं काम कागद-पेन घेऊन करायचं. सगळ्या 25 साड्या जुन्या भावात गेल्या तरी फरक किती? 25 गुणिले 100, म्हणजे 2,500 रुपये. खरेदी 780 ची असेल, तर 899 लाही प्रत्येक साडीमागे 119 सुटतात. नफा कमी होतो, पण खिशातून जात नाही. मग जुना भाव पाळा, फक्त मर्यादा घाला: आज दुकान बंद होईपर्यंत, एका ग्राहकाला एक साडी.

आता पोस्टकडे या. आधी जुन्या पोस्टचा स्क्रीनशॉट स्वतःजवळ ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज 15 मिनिटांपर्यंतच एडिट होतो, आणि बॅनरच्या फोटोवर छापलेला आकडा तर त्यातही बदलत नाही. म्हणून ग्रुपमध्ये त्याच जुन्या मेसेजला रिप्लाय करून दुरुस्ती टाका, म्हणजे दोन्ही एकत्र दिसतात. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी पुढे फॉरवर्ड झालेल्या कॉपी तशाच राहतात.

स्टेटस एडिट होत नाही, ते काढावंच लागतं. पण काढण्याआधी कोणी कोणी पाहिलं ती यादी उघडा आणि तिचा स्क्रीनशॉट घ्या. त्यातले नेहमीचे ग्राहक निवडून त्यांना वेगळा मेसेज करा. ज्यांनी रीड रिसीट बंद ठेवल्यात त्यांची नावं तिथे दिसत नाहीत, म्हणून नवीन स्टेटसवरही दुरुस्ती लिहाच. फेसबुकवर मजकूर एडिट होतो, पण दुरुस्तीची ओळ सगळ्यात वर लिहा. भाव विचारणाऱ्या जुन्या कमेंट उडवू नका, त्यांच्याखाली उत्तर द्या.

मजकूर साधा ठेवा:

"दुरुस्ती, सकाळी 11.30: आजच्या पोस्टमध्ये साडीचा भाव 899 छापला गेला, बरोबर भाव 999 आहे. चूक आमची आहे. जुनी पोस्ट दाखवणाऱ्यांना आज रात्री दुकान बंद होईपर्यंत 899 लाच साडी मिळेल. एका ग्राहकाला एक, साठा 25."

जुना आकडा, नवा आकडा, वेळ आणि जुन्यांचं काय, एवढ्या चार गोष्टी त्यात हव्यातच. हाच कागद काउंटरवर लावा आणि दुकानातल्या पोरांनाही सांगा. नाहीतर मोबाईलवर एक भाव आणि काउंटरवर दुसरा, असं होतं.

तारीख चुकली तर मी जास्त कडक आहे. जानेफळ किंवा डोणगावहून माणूस एसटीचं भाडं खर्चून येतो, त्याचा अर्धा दिवस जातो. ऑफर रविवारी आणि पोस्टमध्ये शनिवार पडला असेल, तर शनिवारी आलेल्याला ऑफर द्याच. "उद्या या" म्हणू नका.

पण 1,999 च्या जागी 199 छापलं तर? तेव्हा सगळ्यांना तो भाव देणं झेपणार नाही. अशा वेळी बुकिंग केलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करा, खरं कारण सांगा, ॲडव्हान्स त्याच दिवशी पूर्ण परत करा. "माल संपला" हे खोटं बोलू नका. 2014 मध्ये ओडिशातल्या एका विद्यार्थ्याने ॲमेझॉनवर 190 रुपयांत दिसलेला लॅपटॉप मागवला. कंपनीने आधी ऑर्डर कन्फर्म केली आणि नंतर किमतीची अडचण सांगून रद्द केली. 2021 मध्ये राज्य ग्राहक आयोगाने कंपनीला भरपाई द्यायला सांगितलं. म्हणून चूक दिसताक्षणी पहिल्यांदा नवीन बुकिंग घेणं थांबवा. एकदा "हो, तुमची ऑर्डर पक्की" असं लिहून दिलं की माघार महाग पडते.

आणि उलटं झालं, म्हणजे पोस्टमध्ये भाव जास्त पडला आणि कोणी तेवढे पैसे भरलेही, तर त्याने मागायची वाट पाहू नका. फरक त्याच दिवशी त्याच्या यूपीआयवर परत पाठवा आणि कशाचे पैसे ते लिहा.