यादीत न बसणारे

केरळ राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याची घोषणा १ नोव्हेंबर २०२५ रोजी, राज्याच्या स्थापनादिनी, करण्यात आली. २०२१ साली हाती घेतलेल्या मोहिमेत ६४,००६ कुटुंबे अतिदरिद्री म्हणून नोंदली गेली होती. घोषणेच्या यथार्थतेविषयी काही अर्थशास्त्रज्ञांनी शंका घेतली आहे. तो वाद बाजूस ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. ज्या राज्यात १९९८ पासून ‘कुटुंबश्री’च्या महिला बचतगटांचे जाळे विणले गेले आणि ज्याची सदस्यसंख्या सुमारे ४५ लाखांवर गेली, तेथे ही कुटुंबे इतकी वर्षे होती कोठे?

या जाळ्याची रचना मोठ्या विचाराने झालेली आहे. दहा ते वीस शेजारणींचा एक गट, प्रभागातील अशा गटांचा एक संघ आणि ग्रामपंचायतीच्या पातळीवर त्या संघांची शिखर संस्था. गरीब कोण हे उत्पन्नाच्या आकड्याने न ठरविता नऊ लक्षणांनी ठरवावे, हेही तेथलेच वैशिष्ट्य. जमीन नाही, घर मोडकळीस आलेले, शौचालय नाही, पाणी दूर, घराची कर्ती स्त्री, नियमित मिळकत नाही, प्रौढ निरक्षर, घरात अपंग वा दीर्घकाळ आजारी माणूस, अनुसूचित जातिजमातीचे कुटुंब. चार लक्षणे जुळली की कुटुंब गरीब ठरे. २००२ च्या सुमारास ‘आश्रय’ योजना आली, तेव्हा सात लक्षणे आणि शिवाय निराधारपणाची एखादी खूण पाहण्यात येऊ लागली. यादी शेजारगटाने करावयाची, वरच्या संघांनी जुळवावयाची, ग्रामसभेने संमत करावयाची आणि पैशाची तरतूद पंचायतीने करावयाची.

आता एक घर घेऊ. एकटी राहणारी सत्तरीची विधवा. तिच्यापाशी जमीन नाही, शौचालय नाही, झोपडी मोडकळीला आली आहे, पाणी लांबून आणावे लागते, अक्षरओळख नाही आणि मजुरी केव्हाच सुटलेली आहे. कर्ती म्हणजे तीच. सात लक्षणे पुरी झाली, आणि हातपाय चालणारे साठीच्या आतले माणूस घरात नाही, ही आठवी खूण. कागदावर तिच्याइतकी पात्र दुसरी कोणी नाही. पण गटाची सदस्य व्हायचे तर आठवड्याच्या बचतीचे पैसे हवेत आणि बैठकीला हजर राहण्याची ताकद हवी. तिच्याजवळ दोन्ही नाहीत. त्यामुळे बैठकीत बसलेल्या बायका जेव्हा आठवणीने नावे सांगतात, तेव्हा तिचे नाव निघते ते कोणाला आठवले तर. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. जी बचत गटाला एकत्र बांधते, तीच सर्वांत गरीब घराला बाहेर ठेवते.

ही चूक ग्रामसभेत उघड व्हावी, अशी अपेक्षा असते. परंतु ग्रामसभेच्या उपस्थितीत याच गटांतील स्त्रियांचा मोठा वाटा असतो. ज्यांनी यादी केली त्यांनीच ती तपासावयाची, असा हा प्रकार होतो. चूक ओळखण्याचा मार्ग साधा आहे. प्रभागातील घरांची नोंदवही आणि गटाची हजेरीपुस्तके शेजारी ठेवावीत. जी घरे दुसऱ्यात सापडत नाहीत, त्यांच्या दारी कोणी तरी जाऊन यावे. २०२१ च्या मोहिमेत प्रभागवार चर्चांनंतर प्रत्यक्ष घरी जाऊन पाहणी झाली. आवश्यक होते ते हेच.

मर्यादेची दुसरी बाजू अधिकाराची आहे. गटांनी सुचवावे व पंचायतीने ठरवावे, ही वाटणी कागदावर सरळ दिसते. व्यवहारात मात्र सर्वेक्षण, अर्ज गोळा करणे, सभेला माणसे आणणे ही पंचायतीची कामे बचतगटांच्या कार्यकर्त्या अल्प मानधनात वा विनामूल्य करतात, आणि शिखर संस्थेच्या सदस्य-सचिवपदी शासकीय अधिकारी बसतो. २००८ च्या नियमावलीने गटांच्या निवडणुकांना शिस्त लावून त्यांना पंचायतीपासून काहीसे अलग केले, हे खरे. पण पंचायतीतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्यावर, २०१० नंतर, गटांतून वर आलेल्या अनेक स्त्रिया सदस्य झाल्या. ही प्रगतीच होय. तरी कालपर्यंत पंचायतीकडे मागणी करणारी बाई आज पंचायतीत बसली की मागणी कोणी करावयाची, हा पेच राहतो. पक्षाचे निशाण जिथे दोहोंकडे एकच असते, तिथे तर तो सुटतच नाही.

महाराष्ट्रातही ‘उमेद’च्या ग्रामसंघांनी गरिबी निर्मूलनाचा आराखडा करून तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालावा, अशी पद्धत आली आहे. येथील गटांचा पाया अधिक नवा, आणि येथील ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होण्याची सवय जुनी. म्हणून आराखड्यात मागण्या किती आल्या, याहून ग्रामपंचायतीने त्यातील कोणत्या नाकारल्या आणि त्याचे कारण लेखी दिले काय, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल. आणि गावातील कोणती घरे कोणत्याच गटात नाहीत, त्यांची नावे आराखडा मंजूर होण्यापूर्वी सूचनाफलकावर लागली पाहिजेत.