साडेतीन लाखांची स्कॉर्पिओ खरंच स्वस्त पडते का? डिझेल आणि ऑइलचं गणित समजून घ्या

विश्रांतवाडीत राहून हिंजवडीला नोकरी करणाऱ्याला आज साडेतीन लाखांत २०१२ ची डिझेल स्कॉर्पिओ मिळत असेल, तर मोह होणं साहजिक आहे. दुसरा पर्याय म्हणजे चार-पाच वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. तिला साडेसहा लाख मोजावे लागतात असं धरू. वरवर पाहता तीन लाख वाचले. पण ते खरोखर वाचतात का?

डिझेलचा हिशेब

हिंजवडीला जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले, तर वर्षाला १२,००० किलोमीटर होतात. शहराच्या ट्रॅफिकमध्ये २.२ लिटर इंजिनाच्या जड गाडीचं ॲव्हरेज १० धरू. म्हणजे १,२०० लिटर डिझेल. ९० रुपये दराने १ लाख ८ हजार. हॅचबॅकला १५ चं ॲव्हरेज धरलं तर ८०० लिटर पेट्रोल. १०४ रुपये दराने सुमारे ८३ हजार. डिझेल स्वस्त असूनही स्कॉर्पिओला वर्षाला २५ हजार जास्त लागतात.

ऑइलचा खर्च किती?

या इंजिनात साधारण सहा लिटर ऑइल बसतं, म्हणजे छोट्या गाडीच्या जवळपास दुप्पट. फिल्टरसह वर्षाला दोनेक हजारांचा फरक पडतो. झिजलेलं इंजिन ऑइल पितही असेल, तर मामला वेगळा. दर हजार किलोमीटरला एक लिटर टॉप-अप लागला, तर ४५० रुपये लिटरने वर्षाला ५,४०० रुपये. म्हणजे डिझेल आणि ऑइल मिळून वर्षाला सुमारे ३२ हजार आणि चार वर्षांत १ लाख २८ हजारांचा जादा खर्च.

मग तीन लाखांची बचत कुठे गेली?

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. गाडीची किंमत म्हणजे खर्च नव्हे. विकताना जे परत मिळत नाही, तो खर्च. चार वर्षांनी हॅचबॅक चार लाखांना गेली, तर तिच्यावर अडीच लाख गेले. स्कॉर्पिओ दीड लाखाला गेली, तर तिच्यावर दोन लाख. म्हणजे किमतीतली खरी बचत ५० हजारच. वरचे तीन लाख कर्जाने घेतले असते, तर १० टक्क्यांनी चार वर्षांत सुमारे ६५ हजार व्याज गेलं असतं, तेही वाचलं. एकूण बचत १ लाख १५ हजार.

याचा अर्थ रोज हिंजवडी गाठणाऱ्याची बचत डिझेल आणि ऑइल मिळून खाऊन टाकतात. याच आकड्यांनुसार वर्षाला साधारण साडेदहा हजार किलोमीटरपर्यंत जुनी गाडी परवडते. शनिवार-रविवारी आणि गावी जाण्यापुरती, वर्षाला ६,००० किलोमीटर चालवली, तर जादा खर्च चार वर्षांत ६८ हजारांवर थांबतो आणि स्कॉर्पिओ स्वस्त पडते.

ऑइलकडे का बघायचं?

ऑइलचे पैसे किरकोळ आहेत, पण ऑइल पिणं हा मोठ्या खर्चाचा इशारा असतो. टर्बो किंवा इंजिनाच्या रिंगा गेल्या, तर उरलेली बचत एका बिलात संपते. म्हणून गाडी बघायला जाताना इंजिन थंड ठेवायला सांगावं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी सुरुवातीचा धूर लपवते.

डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नये. डिझेल इंजिनात काजळीमुळे ते लवकर काळं होतं. दुधाळ दिसलं, तर मात्र त्यात कूलंट मिसळल्याची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा धूर येत राहिला, तर इंजेक्टर किंवा हवेच्या मार्गात बिघाड असू शकतो. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल केल्यावर वाफ जोरात फुसफुसत असेल, तर रिंगांवर संशय घ्यावा. इंजिन बंद करून मेकॅनिककडून इंटरकूलरचा पाइप काढून बघावा. आत ऑइलचा पातळ थर चालतो. साचलेलं ऑइल चालत नाही.

१५ वर्षांची रेषा

दिल्ली परिसरातला डिझेल गाड्यांसाठीचा १० वर्षांचा नियम पुण्याला लागू नाही. पण २०१२ च्या गाडीची नोंदणी २०२७ मध्ये संपेल. पुढच्या पाच वर्षांसाठी आरटीओत तपासणी, नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर आलाच. तो आणि त्याआधीची डागडुजी वरच्या हिशेबात धरलेली नाही.

त्यामुळे गाडीची किंमत विचारण्याआधी आपलं वर्षाचं रनिंग मोजावं. ते दहा हजारांच्या पुढे जात असेल, तर साडेतीन लाखांची ही स्कॉर्पिओ स्वस्त नाही.